मतं तीच, टक्केवारी ४१, ५७ की ८०?

विश्वामित्री नदीचं पाणी काळा घोडा पुलाजवळ २६ फुटांवर पोचलं की बडोद्यात धोक्याची पातळी मानतात. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस ते ३५ फुटांच्याही वर गेलं, आणि तेव्हापासून नदीचं काय करायचं याबद्दल दांडिया बाजारापासून समापर्यंत ज्याला त्याला मत आहे. कोणी म्हणतं पात्र रुंद करा, कोणी म्हणतं गाळ काढा, कोणी आजवा जलाशयाच्या दरवाजांकडे बोट दाखवतं, कोणी कोतरांत, म्हणजे नदीकाठच्या घळींत, टाकलेल्या भरावाकडे. नदीतल्या मगरींची बाजू घेणारे वेगळेच. अशा गलक्यात एखाद्या अहवालातलं एक वाक्य पुढे करता येतं : ‘तज्ज्ञांच्या पॅनेलमध्ये डेल्फी पद्धतीने ८० टक्के सहमती झाली.’ एवढं वाचलं की पुढचं बोलणंच खुंटतं. ऐंशी टक्के तज्ज्ञ म्हणतात, आता तुम्ही-आम्ही कोण?

माझं म्हणणं असं की त्या वाक्यानंतरच बोलायला सुरुवात करावी. डेल्फीतली टक्केवारी तीन निर्णयांतून तयार होते : कोणाला बोलावलं, सहमतीची रेघ कुठे मारली, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये सभासदांना काय दाखवलं. हे तिन्ही निर्णय संयोजक घेतो. ते अहवालात उघड नसतील तर त्या आकड्यावर नदीचं पात्र हलवू नये.

पद्धत थोडक्यात अशी. तज्ज्ञांना एकत्र न बसवता प्रत्येकाला स्वतंत्र प्रश्नावली पाठवतात. बहुधा एकेका विधानाला १ ते ९ गुण द्यायचे असतात. १ ते ३ म्हणजे नको, ७ ते ९ म्हणजे हवंच. उत्तरं गोळा झाली की संयोजक सगळ्यांच्या गुणांचा गोषवारा आणि निनावी शेरे परत पाठवतो, आणि प्रत्येकाने ते पाहून पुन्हा गुण द्यायचे. अशा दोन-तीन फेऱ्या. मागची कल्पना शहाणपणाची आहे. बैठकीत मोठ्या हुद्द्याचा माणूस आधी बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. कागदावर निनावी उत्तर दिलं तर हुद्दा गळून पडतो. साध्या बैठकांशी तुलना करणारे जे प्रयोग झाले, त्यांत अंदाजाच्या अचूकतेत डेल्फी बहुतेक वेळा सरस ठरली आहे. तेव्हा डेल्फी मोडीत काढा असं मी म्हणत नाही. ती वाचायची कशी, एवढाच प्रश्न आहे.

वाचायला एक उदाहरण घेऊ. ते पूर्णपणे कल्पित आहे, आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. बडोद्यात असा अभ्यास झाला असं कोणी समजू नये. विधान असं : ‘शहरातून जाणाऱ्या पट्ट्यात नदीचं पात्र रुंद आणि खोल करणं हा पूर कमी करण्याचा पहिल्या प्राधान्याचा उपाय आहे.’ चाळीस जणांना निमंत्रण गेलं, २८ जणांनी होकार दिला. त्यांत १२ अभियंते, ५ नगररचनाकार, ३ जलविज्ञान शिकवणारे, ५ पर्यावरण आणि वन्यजीवांचे अभ्यासक, आणि काठावरच्या सखल वस्त्यांतून ३ प्रतिनिधी. सहमतीची रेघ आधीच ठरवलेली : ७५ टक्के लोकांनी ७ ते ९ गुण दिले तर सहमती.

पहिल्या फेरीत १६ जणांनी ७ ते ९ दिले : ११ अभियंते, ४ नगररचनाकार, १ प्राध्यापक. पाच जण मधे राहिले. सात जणांनी १ ते ३ दिले : ४ पर्यावरणवाले आणि वस्त्यांचे तिन्ही प्रतिनिधी. २८ पैकी १६ म्हणजे ५७ टक्के. सहमती नाही.

दुसऱ्या फेरीत २४ जणांनीच उत्तर दिलं. वस्त्यांचे तिघे आणि एक प्राध्यापक गळाले. बाकी कोणी आपले गुण बदलले नाहीत. २४ पैकी १६, म्हणजे ६७ टक्के. अजून रेघ दूर आहे, पण सरकतोय आकडा.

तिसऱ्या फेरीला आणखी चौघे गळाले, चौघेही पर्यावरणवाले. त्यांतल्या तिघांचा विरोध होता, एक जण मधला. उरले २०. पुन्हा कोणी गुण बदलले नाहीत. २० पैकी १६, म्हणजे ८० टक्के. सहमती झाली! अहवालात बहुधा असं लिहिलं जाईल की ‘तीन फेऱ्यांत मतं जवळ येत गेली’. प्रत्यक्षात एकाही माणसाचं मत तसूभर हललेलं नाही. विरोध करणारे उठून गेले, एवढंच घडलं. वीस जणांच्या या शेवटच्या पॅनेलमध्ये १७ अभियंते आणि नगररचनाकार आहेत, आणि विरोधाचा एकुलता एक गुण देणारा पर्यावरणवाला कोपऱ्यात बसला आहे.

अहवालात हे पकडायची खूण सोपी आहे. शेवटपर्यंत टिकलेल्या वीस जणांनी पहिल्या फेरीत काय गुण दिले होते ते मागायचं. इथे ते पहिल्या दिवसापासून २० पैकी १६ होते. म्हणजे त्या वीस जणांपुरती सहमती पहिल्याच फेरीत होती, आणि पुढच्या दोन फेऱ्यांनी फक्त इतरांना बाहेर काढलं. हा तक्ता करायला संयोजकाला फार तर अर्धा तास लागेल. तरी तो अहवालांत फारसा दिसत नाही. ‘प्रतिसादाचं प्रमाण ७१ टक्के’ असं एक वाक्य असतं आणि ते चांगलं म्हणून सांगितलेलं असतं. कोण गेले, त्यांचे शेवटचे गुण काय होते, हे नसतं.

गळती योगायोगाने होत नाही, हेही पाहायला हवं. साठ विधानांची इंग्रजी प्रश्नावली, एका बैठकीत पाऊण तास, त्यात ‘क्रॉस सेक्शन’ आणि ‘डिस्चार्ज’ असे शब्द. अभियंत्याला ती रोजची भाषा आहे. काठावर राहणाऱ्या, गुजरातीत विचार करणाऱ्या माणसाला पहिल्या फेरीत बोलावल्याचं अप्रूप असतं. दुसऱ्या फेरीत त्याला आपला शेरा गोषवाऱ्यात ‘सामाजिक बाबी’ अशा दोन शब्दांत गुंडाळलेला दिसतो, आणि तिसरा ईमेल तो उघडतच नाही. प्रश्नावलीची भाषा आणि लांबी ठरवताना संयोजकाने नकळत ठरवून टाकलेलं असतं की शेवटी कोण उरणार.

आता ५७ या आकड्याकडेही जरा संशयाने बघू. तो तरी खरा का? पॅनेलमध्ये अभियंते १२ आणि वस्त्यांचे प्रतिनिधी ३ का होते? उलट का नाही? पाचही गटांना सारखं वजन दिलं आणि प्रत्येक गटातल्या होकाराच्या टक्केवारीची सरासरी काढली (अभियंते ९२, नगररचनाकार ८०, प्राध्यापक ३३, उरलेले दोन गट शून्य), तर ४१ टक्के येतात. मतं तीच, माणसं तीच, आणि आकडे तीन : ४१, ५७, ८०. यांतला कोणता बरोबर, हे गणित सांगू शकत नाही. डेल्फीचं पॅनेल हा लोकसंख्येतून चिठ्ठ्या टाकून काढलेला नमुना नसतो. ते निवडलेले लोक असतात. म्हणून ‘तज्ज्ञांपैकी ८० टक्के’ हे वाक्यच चुकीचं आहे. ‘आम्ही निवडलेल्या आणि शेवटपर्यंत टिकलेल्या वीस जणांपैकी सोळा’ हे वाक्य बरोबर आहे. ते मथळ्यात बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणून अहवालात पॅनेलबद्दल मी पहिल्यांदा संख्या बघत नाही. वीस असोत की पन्नास, त्याने फार फरक पडत नाही. बघायचं ते निवडीचे निकष आधी लिहून ठेवले होते का, आणि ते निकष कोणाला आपोआप बाहेर ठेवतात. ‘किमान दहा वर्षांचा क्षेत्रातला अनुभव आणि पदव्युत्तर पदवी’ हा निकष निरुपद्रवी वाटतो. पण परशुराम भठ्ठा वस्तीत पुराचं पाणी कोणत्या गल्लीतून आधी शिरतं आणि कुठे शेवटपर्यंत साचून राहतं, हे तीस वर्षं पाहिलेली बाई त्यात बसत नाही. पात्र कुठे अडतं या प्रश्नावर ती तज्ज्ञ आहे. बांधकामाच्या खर्चावर नाही. तज्ज्ञ कोण हे विधानागणिक बदलतं. साठही विधानांना एकच पॅनेल गुण देतं तेव्हा पुष्कळ लोक आपल्या विषयाबाहेरच्या विधानांना गुण देत असतात. ‘हे माझ्या क्षेत्रात नाही’ असा पर्याय प्रश्नावलीत होता का आणि तो किती जणांनी वापरला, हे पाहण्यासारखं आहे. तो पर्याय नसेल तर लोक मधला ५ देतात किंवा बहुमताबरोबर जातात.

‘ओळखीतून ओळख’ पद्धतीने, म्हणजे एका तज्ज्ञाने दुसऱ्याचं नाव सुचवून, पॅनेल भरलं असेल तर आणखी जपून वाचावं. बडोद्यासारख्या शहरात एका विषयातली माणसं पुष्कळदा एकाच विद्यापीठात शिकलेली, एकमेकांचे विद्यार्थी, किंवा एकाच विभागात नोकरी केलेली असतात. त्यांनी एकमेकांची नावं सुचवली की समूहविचार पहिल्या फेरीच्या आधीच पॅनेलमध्ये येऊन बसतो. मग निनावीपण कशाला वाचवणार? शिवाय ते निनावीपणही पातळ असतं. शेऱ्यात ‘आजव्याच्या दरवाजांचं वेळापत्रक आम्ही तेव्हा बदललं होतं’ असं कोणी लिहिलं की तो कोण हे पॅनेलमधल्या निम्म्यांना कळतं. नाव झाकलेलं, पण बोलण्याची ढब उघडी.

रेघेबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर गरजेपेक्षा जास्त वाद होतात. ७५ टक्के या आकड्यात कसलंही शास्त्र नाही. २०१४ मध्ये १०० डेल्फी अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९८ अभ्यासांनी सहमती मोजल्याचं म्हटलं होतं, पण सहमती म्हणजे काय याची व्याख्या ७२ जणांनीच दिली होती. टक्केवारीची रेघ वापरणाऱ्यांत मधला आकडा ७५ होता, म्हणून तो रूढ. वैद्यकीय संशोधनात आणखी एक नियम बराच चालतो : ७० टक्के किंवा जास्त लोकांनी ७ ते ९ द्यावेत आणि १५ टक्क्यांपेक्षा कमी लोकांनी १ ते ३. हा मला अधिक पसंत आहे, कारण तो विरोधही मोजतो. आपल्या उदाहरणात पहिल्या फेरीत विरोध २५ टक्के होता. तो नियम तिथेच अडला असता. तिसऱ्या फेरीत मात्र तोही फसतो, कारण २० पैकी विरोधात एकच उरला, म्हणजे ५ टक्के. गळतीपुढे कोणतीही रेघ टिकत नाही.

छोट्या पॅनेलमध्ये रेघेची नाटकं आणखी मजेशीर होतात. बारा जणांचं पॅनेल घ्या. आठ म्हणजे ६७ टक्के, नऊ म्हणजे ७५. मधे काही नाहीच. म्हणजे ७० ची रेघ आणि ७५ ची रेघ एकच. आणि ६६ ची रेघ घेतली तर एक माणूस कमी असूनही, आठांवरच, सहमती होते. म्हणून रेघ किती उंच यापेक्षा ती पहिल्या फेरीची उत्तरं उघडण्यापूर्वी लिहून ठेवली होती का, हे विचारावं. त्याचा पुरावा म्हणजे तारखेसह आधी नोंदवलेला आराखडा. ‘६५ टक्क्यांपेक्षा अधिक सहमती मिळालेली विधानं स्वीकारली’ असं वाक्य आलं, ६५ का याचं कारण नाही आणि एका महत्त्वाच्या विधानाला नेमके ६६ मिळालेत, तर काय झालं असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता तिसरा निर्णय, फेऱ्यांच्या मध्ये काय दाखवलं. समूहविचाराचा खरा धोका इथे आहे, आणि डेल्फीचे भक्त तो सहज विसरतात. ‘तोंडाला तोंड नाही, म्हणजे दबाव नाही’ असं ते म्हणतात. दबाव आकड्यातूनही येतो. अमेरिकेत १९७० च्या सुमारास शिक्षणविषयक उद्दिष्टांवरच्या एका डेल्फीत संशोधकांनी मुद्दाम एक बनावट विधान घातलं. पॅनेलने त्याला पहिल्यांदा कमी गुण दिले. पुढच्या फेरीत संशोधकांनी खोटा गोषवारा पाठवला की याला वरचे गुण मिळालेत. त्यानंतर त्याच पॅनेलने त्याला सरासरीपेक्षा बरेच वरचे गुण दिले. कोणी कोणाला भेटलं नव्हतं. हुद्दा नव्हता, आवाज नव्हता. कागदावरचा एक आकडा पुरला.

पद्धतीच्या मूळ प्रयोगातही हा वास आहे. १९५० च्या दशकात रँड संस्थेत डाल्की आणि हेल्मर यांनी सात तज्ज्ञांना विचारलं की सोव्हिएत नियोजकाच्या नजरेने अमेरिकेचं युद्धसामग्रीचं उत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणायला किती अणुबॉम्ब लागतील. पहिली उत्तरं ५० पासून ५,००० पर्यंत, म्हणजे शंभर पटींचा फरक. पाचव्या फेरीअखेर ती १६७ ते ३६० मध्ये आली. विलक्षण जवळ आली खरी, पण बरोबर आली का, हे तपासायची सोय नव्हती (आणि बरं झालं नव्हती). संयोजकांनी मधे कोणती माहिती पुरवली तिच्यातून थोडं वळण लागलंच असेल, हे त्या दोघांनी १९६३ च्या लेखात मोकळेपणाने मान्य केलं होतं. आजच्या अहवालांत तेवढा मोकळेपणा दिसला तरी पुष्कळ.

नेहमीची प्रथा पाहा. गोषवाऱ्यात मध्यक, म्हणजे सगळे गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा गुण, दाखवतात आणि मधल्या अर्ध्या लोकांचा पट्टा. समजा मध्यक ७, पट्टा ६ ते ८. ज्याने ३ दिला आहे त्याला कळवतात : ‘आपलं उत्तर पट्ट्याबाहेर आहे. कायम ठेवायचं असल्यास कृपया कारण लिहा.’ ७ देणाऱ्याला कारण विचारत नाहीत. आता विधानं साठ आहेत, रात्रीचे अकरा वाजले आहेत, आणि ३ चा ६ केला तर लिहायला काही लागत नाही. सहमतीचा बराचसा भाग असा दमून येतो. गुण बदलणारे अनेकदा त्या विषयात कमी खात्री असलेले असतात आणि अडून बसणाऱ्याकडे कधीकधी इतरांकडे नसलेली माहिती असते. प्रश्नावली मात्र दंड अडून बसणाऱ्यालाच करते.

वाचणाऱ्याने हे ओळखायचं कसं? गुण हलले तिथे कारणं हलली का, ते बघायचं. वरच्याच विधानात पर्यावरणवाल्याने शेरा दिला असता की ‘मगर काठात बिळं करते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काठावरच अंडी घालते, काठ कापायचे तर कोणत्या महिन्यात?’ आणि त्यानंतर काही अभियंत्यांनी ८ चे ५ करून ‘फेब्रुवारी ते जून काम बंद ठेवता आलं तरच’ असं लिहिलं असतं, तर ते खरं विचारमंथन. तिथे टक्केवारी खाली आली असती आणि अभ्यास अधिक मोलाचा झाला असता. उलट, वीस जणांचे गुण ५ वरून ७ वर सरकले आणि एकही नवा शेरा नाही, तर तो गोषवाऱ्यातल्या ७ चा प्रतिध्वनी आहे. दोन फेऱ्यांतले शेरे शेजारी ठेवून वाचले की दहा मिनिटांत फरक कळतो. शेरे परिशिष्टात नसतील तर मी अहवाल तिथेच बाजूला ठेवतो.

एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो मी टाळत नाही. नदीचा प्रश्न तातडीचा आहे, पावसाळा दरवर्षी येतो, एवढी चिकित्सा करत बसलं तर काम कधी होणार? मान्य. पण त्यासाठी डेल्फीची गरजही नाही. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने निर्णय घ्यावा आणि तो आपला म्हणून सांगावा. तज्ज्ञांच्या सहमतीचं पांघरूण घ्यायचं असेल तर त्या सहमतीचा हिशेब दाखवावा लागेल. शिवाय हिशेबाला वेळ लागतो म्हणावं, तर जो हिशेब मी मागतोय तो चार ओळींचा आहे : निमंत्रणं किती, फेरीगणिक कोणत्या गटाचे किती उरले, गेलेल्यांचे शेवटचे गुण, टिकलेल्यांचे पहिले गुण.

आणि शेवटी ते विधानच परत वाचा : ‘पात्र रुंद आणि खोल करणं’. ही दोन कामं आहेत. रुंद करायचं तर काठावरची बांधकामं आणि भराव हटवावे लागतात. तिथे जमिनीच्या मालकांशी गाठ आहे. खोल करायचं तर यंत्रं पात्रात उतरतात. तिथे मगरींशी गाठ आहे, आणि मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सोळा जणांपैकी किती जणांनी ‘रुंद’ला गुण दिले आणि किती जणांनी ‘खोल’ला, हे त्या सोळा आकड्यांतून आता कोणीही काढू शकत नाही. वस्त्यांच्या तिघांनी १ ते ३ का दिले असतील? बहुधा ‘रुंद’ या शब्दात त्यांना आपली घरं दिसली. विधान दोन ओळींत तोडून पुन्हा पाठवलं असतं, एक रुंदीबद्दल आणि एक खोलीबद्दल, तर त्या २८ जणांची फळी वेगळ्याच जागी दुभंगली असती.